शाकाहारी, जैन आणि वीगन : एकाच दावतीतली तीन ताटं

वलीम्याच्या दावतीत शाकाहारी मेहमानांसाठी एक कोपरा राखून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. शेजारचे, ऑफिसातले, दुकानदारीतले लोक येतात. त्यांच्यासाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी, पनीरची एक भाजी, डाळ-भात आणि पुऱ्या. एवढ्यावर बरीच वर्षं भागत होतं. आता त्या कोपऱ्यात जैन व्यापारी कुटुंब असतं आणि मुलाच्या कंपनीतून आलेले जर्मनी किंवा इंग्लंडचे दोन-तीन पाहुणेही असतात. त्यातला एखादा सांगतो, ‘मी वीगन आहे.’ आचारी म्हणतो, ‘तो व्हेज ही है ना?’ आणि गडबड इथूनच सुरू होते.

ही तीन ताटं एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या आहेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. साधं शाकाहारी म्हणजे सोपं, जैन म्हणजे कडक, वीगन म्हणजे त्याहून कडक. तसं नाही. जैन माणसाला तूप, दूध, पनीर चालतं, बटाटा चालत नाही. वीगन माणसाला बटाटा, कांदा, लसूण सगळं चालतं, पण तुपाचा एक थेंबही नको. म्हणजे जैन ताट वीगनला चालेलच असं नाही आणि वीगन ताट जैनाला चालेलच असं नाही. स्वयंपाकघराला आधी एवढं जरी समजलं तरी अर्धं काम झालं.

आधी परदेशी पाहुण्याला

परदेशी पाहुण्याच्या डोक्यातलं ‘व्हेजिटेरियन’ आणि आपल्याकडचं ‘व्हेज’ हे एक नाही. युरोपातला शाकाहारी माणूस सहसा अंडं खातो. काही जण तर मासे खाऊनही स्वतःला शाकाहारी म्हणवतात. आपल्याकडे अंडं मांसाहारात जातं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा कायदाही तसाच आहे: अंडं असेल तर हिरवा ठिपका मिळत नाही, पण दूध आणि मध असले तरी मिळतो. त्यामुळे ‘प्युअर व्हेज’ पाटी बघून निश्चिंत झालेला वीगन पाहुणा तुपातली डाळ खाऊन मोकळा होतो. त्याला पाटीचा अर्थ आपणच सांगायला हवा. या हॉटेलात मांस, मासे, अंडी नाहीत, पण दूध-तूप जवळपास प्रत्येक पदार्थात आहे. वीगनसाठी आपल्याकडे वेगळं चिन्ह आहे, हिरव्या चौकोनात इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर छोटं पान. त्याचे नियम 2022 मध्ये आले. ते पाकिटबंद मालावर दिसतं, देगीवर नाही.

जैन जेवणाबद्दल परदेशी पाहुण्याला कुतूहल असतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस बटाटा बाजूला सारतो, तेव्हा तो हमखास विचारतो, ‘बटाटा तर झाडच आहे ना?’ त्याला दोन वाक्यांत सांगता येतं. जैन धर्मात अहिंसेचा विचार अगदी सूक्ष्म जिवांपर्यंत जातो. कंदमुळात असंख्य जीव असतात असं ते मानतात, शिवाय कंद उपटला की अख्खं रोप मरतं. भेंडी तोडली तरी झाड जगतं. इतकं सांगितलं की लसूण, कांदा, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण का नको, हे त्याला आपोआप कळतं.

‘जमिनीखाली उगवतं ते सगळं नको’ असा नियम मात्र सांगू नका. इंग्रजी माहितीपत्रकात तसं लिहिलेलं दिसतं आणि त्यावरून आचारी भुईमुगाच्या शेंगाही बाद करतो. शेंगा मातीत तयार होतात, पण त्या बिया आहेत, कंद नाहीत, आणि जैन घरात दाण्याचं कूट सर्रास वापरतात. आलं आणि हळदीचं उलटं आहे. ओलं आलं, ओली हळद नको, पण सुंठ आणि हळदपूड चालते. वाळल्यावर तो कंद राहत नाही, त्यातून पुन्हा कोंब फुटत नाही, हे त्यामागचं कारण.

याशिवाय मध आणि दारू जैन माणूस घेत नाही, अळंबीही नाही. वांगं, फ्लॉवर, कोबी यांबाबत घराघरांत फरक आहे. वांग्यात बिया फार, फ्लॉवरमध्ये किडे लपतात, म्हणून अनेक जण टाळतात. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात, आणि अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथीला काही घरांत कुठलीच हिरवी भाजी होत नाही, कोथिंबीरसुद्धा नाही. म्हणून जैन पाहुण्यांना निमंत्रण देतानाच ‘त्या दिवशी तुमची तिथी आहे का?’ असं विचारलेलं बरं. त्यांनाही ते आवडतं.

मगरिबच्या आधी

जैन मेहमानांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकतं ती वेळ, आणि ती समजायला आपल्या वाचकांना सगळ्यात सोपी आहे. नियम पाळणारे जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. काही जण सूर्यास्ताच्या 48 मिनिटं आधीच ताट बाजूला ठेवतात. सूर्यास्त कधी, हे शोधायला कॅलेंडर उघडायची गरज नाही, मशिदीतलं नमाजचं वेळापत्रक पुरेसं आहे. मगरिबची अज़ान होते तेव्हा सूर्य मावळलेला असतो, म्हणजे त्यांचं जेवण त्याआधी संपलेलं असायला हवं. ज्या क्षणी आपला रोजा सुटतो, त्या क्षणी त्यांचं ताट बंद होतं.

मुंबईत डिसेंबरात सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे जातो. वलीमा आठचा असेल तर जैन पाहुणे डिसेंबरात तुमच्याकडे उपाशी बसतील किंवा घरून जेवून येतील. मग जैन जेवण कितीही काटेकोर केलेलं असो, ते तसंच परत जातं. अशा वेळी त्यांना पाच वाजता बोलवा, तिघा-चौघांचं टेबल आधी लावा, आणि आचाऱ्याला सांगताना ‘संध्याकाळी लवकर’ असं मोघम न सांगता ‘पावणेपाचला गरम, साडेपाचला ताट उचललेलं’ असं सांगा. सगळेच जैन हे पाळतात असं नाही, तरुण मंडळी रात्री खातातही. म्हणून अंदाज बांधू नका, विचारा.

स्वयंपाकघरात : ‘पहिलं काय पडलं?’

आचाऱ्याला ‘यात मांस नाही ना?’ असं विचारून काही कळत नाही. ‘दूध आहे का?’ विचारलं तरी तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण तूप त्याच्या लेखी दूध नसतं आणि भाजीत घातलेली चमचाभर मलई तर हिशोबातच नसते. म्हणून यादी नावानिशी सांगावी लागते: दूध, दही, ताक, तूप, लोणी, मलई, पनीर, खवा, मिल्क पावडर, मध. यातलं एकही वीगन ताटात नको.

जैन ताटासाठी विचारायचा प्रश्न निराळा. ‘देगीत पहिलं काय पडलं?’ आपला बहुतेक स्वयंपाक तेलात कांदा आणि अद्रक-लसणाची पेस्ट टाकून सुरू होतो. ते पहिल्या मिनिटाला पडलं की पुढे काहीही केलं तरी उपयोग नाही. बावर्ची मग म्हणतो, ‘अरे भाई, थोडासा था, निकाल देता हूँ.’ कांदा काढून टाकता येत नाही, त्याचा रस तेलात उतरलेला असतो.

त्याहून कपटी गोष्ट म्हणजे बिरिस्त्याचं तेल. बिर्याणीसाठी किलोकिलोने कांदा तळला जातो आणि ते सुवासिक तेल फेकायला कुणाचा हात होत नाही. त्याच तेलात पापड तळतात, भज्या तळतात, भाजीला फोडणीही देतात. ताटात कांदा दिसत नाही, पण पापडाला वास येतो. तपासायचं असेल तर कढईजवळ जा. ताजं तेल फिकट आणि बिनवासाचं असतं. बिरिस्त्याचं तेल तांबूस असतं आणि गोडसर वास दुरून येतो. मटण किंवा मासे तळलेलं तेल तर तिन्ही ताटांना बाद आहे, हे सांगायलाच नको, पण सांगावंच लागतं. आपण स्वतः परदेशात ‘फ्राइज डुकराच्या तेलात तळलेत का’ हे विचारतो, तसाच हा प्रश्न आहे.

तयार मसाल्यांकडेही बघा. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याच्या नावातच सगळं आहे. पण बिर्याणी मसाला, पावभाजी मसाला आणि तयार ग्रेव्हीच्या पाकिटांतही कांदा-लसणाची पूड सापडते. पाकीट उलटं करून घटक वाचायला दहा सेकंद लागतात.

तुमचं किचन आखातात किंवा जहाजावर असेल तर आणखी एक अडचण येते. आपल्या कोकणातली कितीतरी मुलं तिथे शेफ किंवा स्टुअर्ड म्हणून काम करतात, त्यांना हे रोज भेटतं. फिलिपिनो सहकारी भाजीत माशाचा पातळ सॉस किंवा कोळंबीची पेस्ट घालतो, थाई माणूसही घालतो, आणि दोघांच्याही मते ती भाजीच असते. यावर हसायचं कारण नाही. आपल्याकडे वालाच्या शेंगांत मूठभर सुका जवळा पडतो आणि घरातली मोठी माणसं ‘आज भाजीच आहे’ म्हणतात. म्हणून अशा किचनमध्ये ‘नो मीट’ एवढं सांगून थांबू नका. मासे, कोळंबी, माशाचा सॉस, हाडांचा स्टॉक, स्टॉकच्या वड्या अशी एकेकाची नावं घ्या. अरबी ‘नबाती’ शब्द शाकाहारी आणि वीगन दोन्हींसाठी वापरला जातो, त्यावर विसंबू नका. इजिप्शियन सहकाऱ्याला मात्र ‘सियामी’ हा शब्द सांगून बघा. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती उपवासात दूध, अंडं, मांस सोडून जे खातात त्याला हे नाव आहे, म्हणून वीगन त्याला चटकन कळतं. फक्त त्यांच्या काही उपवासांत मासा चालतो, तेव्हा ‘मासाही नको’ एवढं जोडा.

साठ माणसांचं उदाहरण

समजा नवी मुंबईतल्या हॉलमध्ये 400 माणसांचा वलीमा आहे. त्यातले 60 मटण खाणार नाहीत: 43 साधे शाकाहारी, 14 जैन, 3 परदेशी वीगन. तिघांसाठी तीन स्वयंपाक करायला गेलात तर आचारी वैतागेल आणि शेवटी तिन्हींत भेसळ होईल. त्यापेक्षा आधी असं शिजवा जे तिघांनाही चालेल, मग त्यातून काढून घेऊन उरलेल्यात भर घाला. घातलेलं काढता येत नाही, काढून ठेवलेल्यात नंतर घालता येतं, एवढाच हिशोब.

डाळ घ्या. माणशी 50 ग्रॅम धरली तर 3 किलो तूरडाळ. हळदपूड आणि मीठ घालून शिजवा. फोडणी ताज्या तेलात: जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, मग दीड किलो टोमॅटो. कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, तूप नाही. हिंगाने लसणाची उणीव बरीचशी भरून निघते, जैन आणि मारवाडी स्वयंपाकात त्याचा एवढा मान त्यासाठीच आहे. ही डाळ 60 जणांनाही चालते. आता यातला तिसरा हिस्सा वेगळ्या पातेल्यात काढून झाकण लावा आणि त्याला स्वतःचा डाव द्या. उरलेल्या डाळीला तूप, लसूण आणि तळलेल्या कांद्याचा तडका द्या. तो 43 जणांचा. 

माणशी 100 ग्रॅमने 6 किलो तांदळाचा जिरा राइस, तेलातच. तो सगळ्यांना एकच. व्हेज बिर्याणीचा हट्ट धरू नका. त्यात दही आणि तूप असतं, म्हणून वीगन गेला, आणि कांदा-बटाटा असतो, म्हणून जैन गेला. एका देगीत दोघांनाही उपाशी ठेवायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

भाजी एक सगळ्यांना चालेल अशी: मटार आणि कच्च्या केळ्याची, टोमॅटो आणि दाण्याच्या कुटात. बटाट्याच्या जागी कच्चं केळं जैन घरात नेहमीचं आहे, आणि परदेशी पाहुण्याला ते नवीन म्हणून आवडतं. दुसरी पनीरची, काजू, मगज आणि टोमॅटोच्या रश्शात, कांद्याशिवाय. ती साध्या शाकाहारींना आणि जैनांना. तीन वीगन पाहुण्यांना ती द्यायची नाही आणि तिथे तसं लिहिलेलं हवं.

रोटीत फसगत होते. नानच्या पिठात दही, दूध आणि कधी अंडंही असतं, तंदुरी रोटीवर लोणी फासतात. साधे कोरडे फुलके करा, तुपाची वाटी टेबलावर ठेवा, ज्याला हवं तो लावून घेईल. सॅलडची थाळी हे दुसरं ठिकाण. सगळं जेवण जपून केलेलं असतं आणि वरून सजावटीला गाजर, मुळा, बीट आणि कांद्याची चकती येते. जैन टेबलावर फक्त काकडी आणि टोमॅटो पाठवा. हिरव्या चटणीत आलं-लसूण, लोणच्यात लसूण, हेही तिथेच पकडलं जातं.

गोडात शीरखुर्मा दुधाचा, गुलाबजाम खव्याचे. वीगन पाहुण्यांसाठी फळं आणि खजूर ठेवा. आपल्या दावतीत खजूर असतातच, वेगळं काही मागवावं लागत नाही. मिठाईवर चांदीचा वर्ख असेल तर काही जैन मंडळी ती घेत नाहीत, कारण पूर्वी तो जनावराच्या आतड्यात ठेवून कुटत. बिनावर्खाची मिठाई घेतली की प्रश्न मिटतो.

टेबलावरच्या चिठ्ठीत ‘व्हेज’, ‘जैन’, ‘वीगन’ असे शिक्के मारून भागत नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात त्याचा वेगळा अर्थ आहे. पदार्थात काय आहे ते लिहा: ‘पनीर, काजू, टोमॅटो. दूध आहे. कांदा-लसूण नाही.’ मराठीत आणि इंग्रजीत. मग वाढणाऱ्या मुलाला तत्त्वज्ञान माहीत नसलं तरी चालतं. त्याला एवढंच सांगा की या तीन पातेल्यांचे डाव अदलाबदल करायचे नाहीत, आणि कुणी विचारलं तर चिठ्ठी दाखवायची, अंदाजाने ‘हाँ, चलेगा’ म्हणायचं नाही. ॲलर्जीचं कुणी सांगितलं तर तो विषय आणखी वेगळा. दुधाची ॲलर्जी असलेल्याला डाव्याला चिकटलेलं तूपही त्रास देऊ शकतं, त्याचं ताट स्वतंत्रच वाढा.

विमानात

पाहुण्यांची तिकिटं आपणच काढत असू तर तिथेही हाच घोळ आहे. बुकिंगच्या पडद्यावर जेवणाचे कोड दिसतात. `AVML` म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, मसालेदार, दूध-दही असलेलं. `VLML` मध्ये दुधाबरोबर अंडंही असू शकतं, म्हणून नावात ‘व्हेजिटेरियन’ वाचून घरच्या शेजाऱ्यांसाठी तो निवडू नका. `VGML` म्हणजे वीगन, `VJML` म्हणजे जैन. आपलं `MOML`. बहुतेक विमान कंपन्यांना हे किमान 24 तास आधी सांगावं लागतं, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही.

`MOML` मिळालं नाही तर आपल्यातले काही जण `VGML` घेतात. ते सोयीचं असतं, पण वीगन म्हणजे हलाल नव्हे. सॉसमध्ये किंवा पुडिंगमध्ये वाइन असू शकते, ती वीगन नियमात बसते. विचारून घ्यावं.

दावत संपल्यावर जेवण बांधून देण्याचीही आपली रीत आहे. वीगन पाहुण्याला तूप न पडलेली डाळ आणि भात डब्यात द्या, तो खुशीने नेईल. जैन कुटुंबाला रात्री बांधून दिलेलं जेवण मात्र उपयोगी नाही, ते रात्री खाणार नाहीत आणि सकाळपर्यंत ते त्यांच्या दृष्टीने शिळं झालेलं असतं. त्यांच्या हातात बदाम-काजूंचं किंवा खजुराचं बंद पाकीट द्या.